शाळा सुटण्याची वेळ सांभाळून दिवस आखताय? या चुका टाळा

कॅलेंडरमध्ये ‘३:३० – मुलांना आणणे’ अशी नोंद असते आणि तरीही रोज धावपळ होते. ३:३० ही शाळा सुटण्याची वेळ आहे, तुमचं काम थांबण्याची नव्हे. ती शोधायला घड्याळ उलटं मोजावं लागतं. रस्त्याला २० मिनिटं लागतात आणि फाटकावर ५ मिनिटं आधी पोहोचायचं आहे, म्हणजे ३:०५ ला निघायला हवं. फाइल जतन करणं, अर्धवट निरोपाला उत्तर देणं, चपला शोधणं यात १० मिनिटं जातात. म्हणून काम २:५५ ला थांबतं. कॅलेंडरमध्ये २:५५ पासून घरी परतेपर्यंतचा सलग वेळ रोजचा म्हणून अडवा आणि तो इतरांना ‘व्यस्त’ दिसेल असा ठेवा. ३:३० ची नुसती नोंद पाहून सहकारी २:३० ची मीटिंग बिनदिक्कत टाकतात.

पुढची चूक हिशेबाची आहे आणि बहुतेकांचं वेळापत्रक तिथेच कोसळतं. साडेनऊ ते साडेपाच म्हणजे ८ तास, असं धरून कामं मांडली जातात. प्रत्यक्षात ९:३० ते २:५५ मध्ये ३२५ मिनिटं मिळतात. तासाभराची मीटिंग आणि अर्ध्या तासाचं जेवण वजा केलं की २३५ उरतात. आता व्यत्यय. ते अंदाजाने धरू नका, तीन दिवस मोजा. कागदावर कितीला अडलो आणि पुन्हा कामाला कितीला लागलो, एवढंच लिहा. फोन ४ मिनिटांचा असला तरी हातातलं काम १५ मिनिटांनी सुरू झालं, तर व्यत्यय १५ मिनिटांचाच. समजा, रोजची सरासरी ७५ मिनिटं निघाली. मग एकाग्रतेच्या कामाला १६० मिनिटं राहतात. त्यात ४५ मिनिटांचे तीन ब्लॉक बसतात, चौथा बसत नाही. हा आकडा पाहून वाईट वाटतं, पण रोज पाच कामं लिहून तीन करण्यापेक्षा तीनच लिहिणं बरं.

मांडणी अशी होईल: ९:३० ते १०:१५ पहिला ब्लॉक, मग १०:४५ पर्यंत मोकळा वेळ. १०:४५ ते ११:३० दुसरा, मग १२ पर्यंत मोकळा. १२ ते १ मीटिंग, १:३० पर्यंत जेवण. १:३० ते २:१५ तिसरा आणि २:५५ पर्यंत पुन्हा मोकळा. या मोकळ्या १०० मिनिटांत व्यत्ययांची ७५ मिनिटं जिरतात. दिवस शांत गेला तर तिथे ईमेल उरकतात. मात्र तिथे आधीपासून कामं लिहून ठेवलीत, तर मोकळा वेळ नावापुरताच उरतो.

शेवटचा ब्लॉक सर्वांत अवघड कामाला देणं हीही नेहमीची चूक. निघायची वेळ जवळ आली की लक्ष घड्याळाकडे जातं, आणि सकाळची घसरण येऊन साचते ती याच ब्लॉकवर. अवघड काम सकाळी ठेवा. १:३० ला असं काम घ्या, जे मध्येच सोडलं तरी बिघडत नाही.

ब्लॉक मोडला की पुढचं सगळं खाली सरकवू नका. इतरांची संध्याकाळ ताणली जाऊ शकते, तुमची २:५५ ची रेघ हलत नाही. समजा ११ वाजता शाळेतून फोन आला आणि पुन्हा बसायला ११:४० झाले. दुसऱ्या ब्लॉकची ३० मिनिटं राहिली. त्यातली २० मीटिंगपर्यंतच्या मोकळ्या वेळात करा, १० मिनिटं २:१५ नंतर. तिसरा ब्लॉक जागचा हलत नाही. उरलेला मोकळा वेळही पुरला नाही, तर राहिलेलं काम उद्याच्या पहिल्या ब्लॉकमध्ये जातं आणि तिथलं उद्याचं काम परवावर.

फोन घेण्याआधी एक ओळ लिहिण्याची सवय मात्र लावून घ्या. ‘तक्ता अपूर्ण’ असं लिहून भागत नाही. ‘तिसऱ्या तक्त्यात मार्चची बेरीज तपासायची, मग सारांश’ असं लिहिलं, की परत आल्यावर कुठे होतो हे शोधत बसावं लागत नाही.

आठवड्याच्या शेवटी मोडलेल्या ब्लॉकांची वेळ पाहा. एकच ब्लॉक तीनदा मोडला असेल, तर त्या वेळेला येणारा व्यत्यय अचानक राहिलेला नाही, ब्लॉकच दुसरीकडे हलवा. वेगवेगळे ब्लॉक मोडत असतील, तर मोकळा वेळ कमी पडतोय. अशा वेळी तीनाऐवजी दोनच ब्लॉक ठेवा.

मुलांना घेऊन ४ ला परतलात, तरी ४ चा ब्लॉक आखू नका. दप्तर, खाणं, शाळेतल्या गोष्टी यात अर्धा तास जातो. ४:३० नंतरच्या तासात उत्तरं पाठवणं, फॉर्म भरणं, उद्याची तीन कामं लिहिणं अशीच कामं ठेवा, कारण तेव्हा दर काही मिनिटांनी हाक येणारच आहे.