दिलेल्या कामात चूक सापडली, तर मेसेज कसा लिहावा

समजा, पंचवटीतल्या एका हॉटेलसाठी तुम्ही सिंहस्थाला येणाऱ्या पाहुण्यांकरता माहितीपत्रक लिहून दिलं. फाइल पोचली, पैसेही आले. मग लक्षात येतं, की काळाराम मंदिर सत्याग्रहाचं वर्ष तुम्ही १९२७ लिहिलंय. तो सुरू झाला २ मार्च १९३० रोजी; १९२७ हे महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचं वर्ष.

पत्रक छापखान्यात गेलं असण्याची शक्यता असेल, तर आधी फोन करून छपाई थांबवायला सांगा. नाहीतर मेसेजच्या आधी थोडा वेळ फाइलवर घालवा. १९२७ आणि 1927 असं दोन्ही आकड्यांत शोधा. इंग्रजी मजकूर, नकाशाखालच्या ओळी आणि फोटोंच्या ओळीही बघा. खरी गोम मात्र चुकीच्या वर्षावरून पुढे काढलेल्या वाक्यांत असते. ‘२०२७ मध्ये सिंहस्थ आणि सत्याग्रहाची शताब्दी एकत्र’ असं कुठे लिहिलं असेल, तर ते वाक्यच काढावं लागेल, कारण शताब्दी २०३० मध्ये आहे. आकडा शोधून हे वाक्य सापडत नाही, त्यासाठी मजकूर पहिल्यापासून वाचावाच लागतो. एवढं न करता कळवलंत, तर उद्या दुसरा मेसेज टाकावा लागतो, आणि मग समोरच्याला अख्ख्या पत्रकाचीच शंका येते.

मग असं लिहा:

“नमस्कार ताई. परवा दिलेल्या माहितीपत्रकात माझ्याकडून एक चूक झाली आहे. पान ३ वर काळाराम मंदिर सत्याग्रहाचं वर्ष १९२७ पडलंय, ते १९३० हवं. त्याच चुकीमुळे पान ६ वरचं शताब्दीचं वाक्यही काढावं लागेल. बाकी सगळा मजकूर पुन्हा तपासला आहे. दुरुस्त फाइल आज संध्याकाळी सहापर्यंत पाठवते, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पत्रक छापायला गेलंय का, तेवढं कळवा. तसदीबद्दल माफ करा.”

चूक पहिल्याच ओळीत आली पाहिजे. तब्येत, घाई, लाइट गेली होती ही कारणं नकोत. ताईंना ती वाचून काहीच ठरवता येत नाही. ‘काही किरकोळ बदल’ असंही लिहू नका, कारण किरकोळ म्हटलं की जुनीच फाइल छापली जाते. आणि सहाची वेळ दिलीत तर ती पाळा. जमणार नसेल तर उद्या सकाळची द्या.

पत्रकं छापून झाली असतील, तर नुसत्या दुरुस्त फाइलने भागत नाही. वर्षावर लावायची छोटी चिकटपट्टी किंवा आत ठेवायचं शुद्धिपत्र, यांतलं काय चालेल ते विचारा आणि त्याचा मजकूर तयारच पाठवा. खर्च कोणी करायचा, हे मात्र फोनवर बोला.

दुरुस्त फाइलच्या नावात ‘दुरुस्त’ आणि तारीख घाला, आणि छापखान्याकडून येणाऱ्या प्रूफच्या पान ३ व ६ चे फोटो मागवून घ्या.