कॅरॅमल कस्टर्डची आदल्या रात्रीची तयारी

रविवारी जेवायला माणसं असतील तर कस्टर्ड शनिवारी रात्रीच करून ठेवायचं, कारण ते किमान सहा तास फ्रिजमध्ये राहायला हवं. तेवढ्या वेळात डब्याच्या तळाशी कडक झालेलं कॅरॅमल ओल धरून विरघळतं आणि त्याचा पाक होतो. सकाळी करून दुपारी वाढायला गेलात, तर निम्मं कॅरॅमल डब्यालाच चिकटलेलं राहतं.

गॅस पेटवण्याआधी ओट्यावर सहा इंची डबा, त्यावर बसेल एवढी फॉइल, बारीक गाळणी, पातळ सुरी, सांडशी आणि डबा आरामात मावेल असा कुकर काढून ठेवा. अर्धा लिटर दूध, चार अंडी, कस्टर्डसाठी पाच मोठे चमचे आणि कॅरॅमलसाठी अर्धी वाटी साखर, चमचाभर व्हॅनिला. अंडी तासभर आधी फ्रिजबाहेर काढा. डबा अगदी कोरडा हवा आणि तो हाताशीच हवा; कॅरॅमल झाल्यावर डबा शोधायला वेळ मिळत नाही. साखरेत दोन चमचे पाणी घालून मंद आचेवर ठेवा. ढवळू नका, भांडंच फिरवा. रंग मधाहून थोडा गडद झाला की लगेच डब्यात ओता. धूर दिसला तर कडवट झालं समजा आणि नवीन करा. वाया जाते ती फक्त अर्धी वाटी साखर.

दूध साखर घालून बोट सोसेल इतकंच गरम करा. अंडी काट्याने फोडून एकजीव करा, फेस आणू नका. तोच फेस पुढे वर बुडबुडे होऊन बसतो. अंड्यांत दूध बारीक धारेने घाला, व्हॅनिला घाला आणि मिश्रण गाळूनच डब्यात ओता. गाळणीत अंड्याचे पांढरे दोरे उरतात, ते खाताना जिभेला लागतात. डब्यावर फॉइल घट्ट बसवा, नाहीतर झाकणाची वाफ थेंब थेंब आत गळते.

आता पाणी. पहिल्यांदा केलं तेव्हा मी कुकरचं झाकण लावून, शिट्टी काढून, इडलीसारखं खळखळ उकळत्या पाण्यावर वाफवलं. कापल्यावर आत सगळी जाळी आणि ताटलीत पाणी. सासूबाई म्हणाल्या, "खरवस छान झालाय गं." खरवसाला जाळी शोभते, कस्टर्डला नाही. अंडं-दूध-साखरेचं हे मिश्रण ८०–८५ अंशांच्या आसपास धरतं. त्याच्या फार पुढे गेलं की अंडं आकसतं आणि पाणी सोडतं. कोंडलेली वाफ शंभराच्या जवळ असते आणि डब्याला चारी बाजूंनी लागते. म्हणून आता मी तळाला जाळी आणि इंचभर गरम पाणी घालते, कुकरचं झाकण लावतच नाही. वर ताट कलतं ठेवून वाफेला वाट देते आणि आच इतकी बारीक, की पाणी नुसतं थरथरेल. डबा खडखड वाजायला लागला तर आच जास्त आहे.

ओव्हनमध्ये हे सोपं जातं: १६० अंश, ट्रेमध्ये खाली घडी घातलेलं फडकं आणि डब्याच्या निम्म्यापर्यंत गरम पाणी. उघड्या ट्रेतलं पाणी वाफ होताना स्वतः गार होत राहतं, त्यामुळे ते सहसा उकळत नाही. पण तासभर वीज टिकायला हवी आणि आमच्याकडे गुरुवारी ती जाते, म्हणून त्या दिवशी कुकरच.

वाफवताना तीस मिनिटांनी पहिल्यांदा उघडून बघा. बहुतेक वेळा चाळीसपर्यंत होतं. ओव्हनमध्ये पंचेचाळीस ते साठ. लहान वाट्या वाफेवर पंधरा-वीस मिनिटांत होतात. पण घड्याळापेक्षा डबा हलवून बघणं खरं. सांडशीने हळूच धक्का द्या. कडा स्थिर आणि मधला दोन इंचांचा गोल जेलीसारखा एकसंध थरथरला, तर झालं. दुधासारखी लाट कडेपर्यंत गेली तर अजून पाच मिनिटं. सुरी कडा आणि मध्य यांच्या बरोबर मधोमध खुपसा, तिथे स्वच्छ निघाली की पुरे. अगदी मध्यातून स्वच्छ निघण्याची वाट बघितलीत तर उशीर झाला, कारण बाहेर काढल्यावरही आतली उष्णता थोडा वेळ शिजवतच राहते. त्याच कारणाने गॅस बंद करून डबा पाण्यात तसाच ठेवू नका, लगेच उचला.

गार झाल्यावर फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी कडेने सुरी फिरवा आणि डबा जरा तिरका करा. कस्टर्ड कडेपासून सुटून हललं की वर खोलगट ताटली ठेवून उलटा. पाक बराच असतो, सपाट ताटलीतून टेबलक्लॉथवर जातो. तळाशी थोडं कॅरॅमल चिकटून उरलंच, तर त्यात दोन चमचे पाणी घालून डबा गॅसवर धरा आणि गार करून वरून ओता.