"काही नाही" च्या पलीकडे

माझा नवरा मुळात अबोल. घरात पाऊल टाकल्याबरोबर मी सुरू व्हायचे, "काय झालं? चिडलायस का? साहेब काही बोलले का? मग गप्प का?" उत्तर ठरलेलं, "काही नाही." मला वाटायचं तो लपवतोय. खरं तर माझ्या प्रश्नांत उत्तर आधीच भरलेलं असायचं, त्याने फक्त हो किंवा नाही म्हणायचं. आणि "का" म्हटलं की त्याला जाब विचारल्यासारखं वाटायचं.

मार्चमध्ये त्याची बढती हुकली. त्या रात्री मी जेवण होईपर्यंत काहीच विचारलं नाही. नंतर ओट्याशी तो भांडी विसळत होता, मी पुसत होते. समोरासमोर नसलं की त्याला बोलणं सोपं जातं, हे तेव्हाच कळलं. मी एवढंच म्हटलं, "आजचा दिवस कसा गेला तुझा, सांग ना."

"ठीक."

पूर्वी इथेच मी दुसरा प्रश्न टाकला असता. या वेळी थांबले. दोन ताटं विसळून झाली, मग तो म्हणाला, "सगळ्यांसमोर नाव वाचलं गं दुसऱ्याचं."

"सगळ्यांसमोर..." मी त्याचाच शब्द परत म्हटला. सल्ला दिला नाही, साहेबांना नावं ठेवली नाहीत. मग तो अर्धा तास बोलला, नळ बंद करून.

रोज असं होत नाही. "आज नको" म्हणाला तर मी खरंच सोडून देते. उकरलं की तो पुढचे दोन दिवस मिटून जातो.