पापडवाल्या आजींची कथा लिहिताना या चुका टाळा

दिवाळी अंकाच्या निवडीसाठी येणाऱ्या कथांच्या गठ्ठ्यात एक कथा दरवर्षी असतेच. घरी पापड करून विकणारी आजी, मोठी ऑर्डर घेऊन दारात आलेला व्यापारी, त्याने सांगितलेला पडेल भाव आणि आजीने घ्यायचा निर्णय. विषय चांगला आहे, पण ही कथा बहुतेक वेळा त्याच दोन-तीन ठिकाणी कोसळते. लेखक बदलतात, ठिकाणे बदलत नाहीत.

सर्वांत मोठी चूक हिशोबाची आहे. कथेत ‘अगदीच कमी भाव’, ‘तुटपुंजे पैसे’, ‘मातीमोल किंमत’ असे शब्द असतात, आकडा मात्र एकही नसतो. एका होतकरू लेखकाची कथा मी परत पाठवली आणि आकडे घालायला सांगितले. पुढच्या खर्ड्यात फक्त विशेषणे वाढली. पुन्हा सांगितल्यावर त्याने आकडे घातले ते असे: आजी किलोला १६० रुपयांनी पापड विकते आणि व्यापारी १२० देऊ करतो. त्याच कथेत दुसऱ्या पानावर आजी वाण्याकडून १३० रुपये किलोने उडदाचे पीठ आणत होती. म्हणजे व्यापारी पिठापेक्षाही स्वस्तात पापड मागत होता आणि आजी त्यावर रात्रभर जागून विचार करत होती. इतकेच नव्हे, हिंग, मिरे, पापडखार आणि पिशव्यांचा खर्च धरला, तर ती आपल्या नेहमीच्या भावातही कित्येक वर्षे तोट्यात पापड विकत होती. लेखकाने मला उत्तर दिले की, वाचक इतके बारकाईने पाहत नाहीत. ज्या घरांत उन्हाळ्यात पापड लाटले जातात, त्या घरांतले वाचक नेमके तेवढेच पाहतात, हे त्याला पटवायला मला बराच वेळ लागला.

मी अशी कथा हाती घेतो तेव्हा पहिले वाक्य लिहिण्याआधी कागदाच्या एका कोपऱ्यात आजीचा हिशोब मांडतो. आजी लातूरच्या आहेत, असे समजू. लातूर डाळींच्या बाजारासाठी प्रसिद्ध असल्यामुळे तिथल्या आजींना उडदाचा भाव पाठ असणे स्वाभाविक आहे. कथेपुरते आकडे असे धरू: पीठ १३० रुपये किलो, मसाला आणि पापडखार मिळून ३० रुपये, पिशव्या व किरकोळ खर्च १० रुपये. एक किलो पिठाचे साधारण किलोभर पापड होतात असे मानले, तर एका किलोमागे सामानाचेच १७० रुपये गेले. आजी ओळखीच्या घरांना ३६० रुपयांनी विकतात, पण महिन्याला वीसेक किलोच. व्यापारी म्हणतो, २१५ रुपये भाव, ३०० किलो माल, ३० दिवस.

इथे घाईत असलेला लेखक २१५ मधून १७० वजा करतो, ४५ ला ३०० ने गुणतो आणि आजीच्या हातात १३,५०० रुपये ठेवतो. आजीही पहिल्यांदा असाच हिशोब करतील, कारण आपल्या हातांची मजुरी धरायची सवय त्यांना नाही. कथेचा पहिला खरा प्रसंग इथेच आहे, आणि तो हातचा जाऊ देऊ नये. तीनशे किलो तीस दिवसांत म्हणजे रोज दहा किलो. किलोत ८० पापड बसतात असे धरले, तर रोज ८०० पापड. सराईत हाताला एका पापडासाठी लाटून पसरेपर्यंत एक मिनिट पुरते असे मानले, तरी नुसते लाटण्याचेच तेरा तासांहून अधिक होतात. पीठ भिजवणे, ते कांडून मऊ करणे, दोऱ्याने लाट्या कापणे आणि वाळवणे वेगळेच. ही ऑर्डर आजी एकट्याने पूर्ण करू शकत नाहीत, हे त्यांना स्वतःच्या मनगटांवरून कळले पाहिजे. नातवाच्या कॅल्क्युलेटरवरून कळले, तर प्रसंगातला जीव गेला.

मग शेजारच्या पाच जणींना बोलवावे लागते. पापड लाटण्याची मजुरी किलोवर देण्याची पद्धत जुनी आहे. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या लिज्जतमध्येही भगिनी मळलेले पीठ घरी नेतात, पापड लाटून परत आणून देतात आणि वजनावर मोबदला घेतात. आपल्या कथेत किलोला ४० रुपये धरू. पाच जणी रोज दोन-दोन किलो लाटतील आणि प्रत्येकीला महिन्याचे २,४०० रुपये मिळतील, म्हणजे एकूण १२,०००. सामानाचे ५१,००० आणि मजुरीचे १२,००० मिळून खर्च ६३,००० होतो. व्यापाऱ्याकडून येणार ६४,५००. महिनाभर दहा-दहा किलो पीठ मळून आजींच्या पदरात पडणार १,५०० रुपये, आणि तेही पापड न तुटले तर. तुटके पापड व्यापारी घेत नसेल आणि शंभरातले तीन तुटले, तर नऊ किलोंचे १,९३५ रुपये बुडतात आणि आजींना पदरमोड करावी लागते.

आता कथेतला पेच दिसू लागतो. एरवी या कथेत स्वाभिमान एका बाजूला आणि लोभ दुसऱ्या बाजूला असतो, त्यामुळे आजी काय करणार हे वाचकाला तिसऱ्याच परिच्छेदात ठाऊक होते. या हिशोबात मात्र ऑर्डर आजींना जवळजवळ काहीच देत नाही आणि पाच शेजारणींना प्रत्येकी २,४०० रुपये देते. त्यांच्यातल्या एकीला मुलीच्या शाळेसाठी जूनच्या आत पैसे हवे असतील, तर आजींनी ‘नाही’ म्हणायचे ते कोणाच्या जिवावर? आणि ‘हो’ म्हटले, तर पन्नास हजारांचे सामान आधी कुठून आणायचे? हे दोन प्रश्न एकदा उभे राहिले की, आजींच्या डोळ्यांत पाणी आणावे लागत नाही.

दुसरी माझी विशेष नावडती चूक म्हणजे व्यापारी. तो हटकून पान खातो, त्याच्या बोटांत अंगठ्या असतात, तो मोडके मराठी बोलतो आणि म्हातारीला फसवायला आलेला असतो. मुळात लातूरच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या बसलेला व्यापारी आजींइतकेच सरळ मराठी बोलतो. दुसरे म्हणजे, २१५ हा भाव त्याने दुष्टपणाने काढलेला नसतो. त्याच्या दुकानात यंत्रावरचा पापड याहून स्वस्तात येतो, किरकोळ दुकानदार त्याच्याकडून उधारीवर माल नेतात आणि फुटलेला परत करतात. त्याचाही हिशोब कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात मांडावा. मग संवाद आपोआप सुधारतो:

“मावशी, दोनशे पंधराच्या वर मला परवडत नाही. दुकानदार महिना-महिना पैसे देत नाहीत.”

“मग निम्मे आगाऊ द्या, शेठ. वाणी मला पीठ उधार देत नाही.”

“आगाऊ नाही जमायचं. पीठच पाठवतो. मसालासुद्धा. तुम्ही फक्त करून द्यायचे, किलोला पंचावन्न.”

या तिसऱ्या वाटेचा विचार फारच थोडे लेखक करतात, आणि बाजारात तर ती रोजची आहे. सामान व्यापाऱ्याचे, काम आजींचे. पाच जणींचे ४० दिल्यावर आजींना किलोमागे १५ उरतात, ३०० किलोंचे ४,५०० होतात आणि भांडवल अडकत नाही. पैशांच्या दृष्टीने हा सौदा आधीच्या तिप्पट बरा आहे. पण मिरे किती भरड घालायचे, हिंग कोणता वापरायचा, हे आता व्यापारी ठरवणार, पिशवीवर त्याचे नाव असणार आणि त्याच गल्लीतल्या घरांत तो पापड आजींच्या पापडापेक्षा स्वस्त पोहोचणार. ज्या घरांना त्या वीस किलो विकतात, तिथे पुढच्या वर्षी त्यांना स्वतःच्याच हातच्या पापडाशी स्पर्धा करावी लागेल. माझ्या मते कथा इथे उभी करावी. आगाऊ रकमेची घासाघीस ही तिची पहिली पायरी आहे. आजींनी काय ठरवावे, हे मी कुणालाही सांगत नाही. त्यांच्या उत्तरात शेजारणी, भांडवल आणि हातची चव या तिन्हींपैकी काहीतरी सुटताना दिसते की नाही, एवढेच मी तपासतो. काहीच सुटत नसेल, तर लेखकाने कुठेतरी आजींना फुकट सवलत दिलेली असते.

पापडाचे ज्ञान हा आणखी एक भाग, ज्यात कष्ट वाचवण्याचा मोह फार होतो. उडदाचे पापड रणरणत्या उन्हात पसरणारी आजी मी इतक्या कथांत पाहिली आहे की, आता ते वाक्य आले की मी पेन्सिल उचलतो. कडक उन्हात उडदाच्या पापडाच्या कडा वळतात आणि तो ठिसूळ होतो, म्हणून तो सावलीत सुकवून शेवटी थोडे ऊन दाखवतात. कडक ऊन तांदळाच्या आणि साबुदाण्याच्या पापडांना लागते. पापडखार जास्त झाला, तर पापड तळताना लाल पडतो आणि जिभेला खारट-कडवट लागतो. कमी पडला, तर फुलत नाही. घाई झाल्यामुळे माल बिघडल्याचे दाखवायचे असेल, तर यांपैकी एक खूण पुरेशी आहे. हा तपशील मिळवण्यासाठी इंटरनेटवर पाककृती शोधण्यापेक्षा, घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या काकूंजवळ दोन दुपारी बसून लाट्या कापून द्याव्यात, असे मी सुचवतो. नवे लेखक हे ऐकून हसतात आणि पाककृतीच शोधतात.

कथेला ऋतू असावा, आणि तो हिशोबात उतरावा. व्यापारी अक्षय्य तृतीयेनंतर आला आणि मृगाच्या आधी माल मागू लागला, तर मुदतीला अर्थ येतो, कारण पाऊस लागल्यावर दमट हवेत सावलीतला पापड वाळत नाही आणि त्याला बुरशी धरते. श्रावणात ऑर्डर देणारा व्यापारी आणि ती आनंदाने घेणारी आजी, दोघेही पापडाच्या धंद्यात नवखे ठरतात.

उरलेल्या चुका थोडक्यात सांगतो. नातवाने मोबाइलवर फोटो टाकताच देशभरातून मागणी येते, हा शेवट पाहिला की मी वाचणे थांबवतो. दिवंगत आजोबा स्वप्नात येऊन सल्ला देत असतील, तर आजोबांना काढून तो सल्ला एखाद्या शेजारणीच्या तोंडी द्यावा, आणि तो चुकीचा असला तरी चालेल. आजींना नाव द्यावे. सबंध कथाभर त्या नुसत्याच ‘आजी’ राहिल्या, तर त्यांना कोणीतरी कधीतरी नावाने हाक मारत असेल, हे लेखक विसरलेला असतो. अन्नपदार्थ विकण्यासाठी एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि मोठा व्यापारी तो क्रमांक पहिल्याच भेटीत विचारतो, तेव्हा कथेत तो प्रश्न आला पाहिजे, निदान आजींनी कपाटातून घडी घातलेला कागद काढण्यापुरता. आणि पापडांची संख्या, किलो, दिवस व रुपये यांचा गुणाकार कथा पाठवण्याआधी एकदा स्वतः करून पाहावा.