या चुका टाळा: सबमिशन जवळ आलंय, रिपोर्ट प्रस्तावनेपासून लिहू नका

सबमिशनला पाच दिवस उरले की बरेच विद्यार्थी कोरी फाईल उघडतात, वर 'प्रस्तावना' टाईप करतात आणि पाण्याचं महत्त्व सांगायला बसतात. दोन दिवस त्यातच जातात. रसायनशास्त्राच्या एम.एस्सी.ला नेहमी दिसणारा एक प्रोजेक्ट उदाहरणाला घेऊ: गावातल्या 12 विहिरींच्या पाण्याचा हार्डनेस, ईडीटीए टायट्रेशनने.

चूक पहिली: 'पद्धत काय, वहीतून उतरवायची' म्हणून ती मागे ठेवणं

पद्धत लिहायला सोपी असते म्हणून ती आधी घ्या असं सांगतात. ते खरंच आहे, पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. काय करायचं राहून गेलंय, ते सगळ्यात आधी याच भागात कळतं.

लिहून पाहा. प्रत्येक विहिरीचा 50 मिली नमुना घेतला. अमोनिया बफर घालून पीएच 10 केला. एरिओक्रोम ब्लॅक टी हा इंडिकेटर वापरला आणि लालसर रंग जाऊन निळा आला तेव्हा रीडिंग घेतलं. इथवर पेन भराभर चालतो. पुढचं वाक्य ईडीटीएच्या तीव्रतेचं, आणि तिथे तो अडतो. बाटलीवर 0.01 मोलर लिहिलंय, पण कॅल्शियमच्या प्रमाण द्रावणाशी ते पडताळलं होतं का? वहीत तशी नोंदच नाही.

हे पहिल्या दिवशी लक्षात आलं तर लॅब उघडी असते, तेच द्रावण बाटलीत शिल्लक असतं आणि थोड्या वेळात पडताळणी होते. (पडताळणीची तारीख रिपोर्टमध्ये जरूर द्या. काचेच्या बाटलीत फार दिवस ठेवलेल्या ईडीटीएची तीव्रता हळूहळू उतरते.) पाचव्या दिवशी लक्षात आलं तर बाटली धुऊन ठेवलेली असते.

आता या एका नोंदीने काय होतं ते पाहू. समजा एका विहिरीच्या नमुन्याला 10.3 मिली ईडीटीए लागलं. 0.01 मोलरच्या 1 मिलीला 1 मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट धरायचं, म्हणजे 50 मिलीत 10.3 मिग्रॅ आणि लिटरला 206 मिग्रॅ. पडताळणीत तीव्रता 0.0096 निघाली तर 206 ला 0.96 ने गुणायचं: साधारण 198. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या 2012 च्या मानकात स्वीकार्य मर्यादा 200 आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे ही विहीर मर्यादेच्या वरून खाली आली. अशा दोन विहिरी असल्या तर '12 पैकी 9 विहिरी मर्यादेबाहेर' याचं '12 पैकी 7' होतं.

चूक दुसरी: गोषवारा आधी लिहून 'एक काम संपवणं'

वरच्या उदाहरणात गोषवारा आधीच लिहिला असता तर त्यात 9 हा आकडा बसलेला असता. तक्ता दुरुस्त होतो, चर्चा दुरुस्त होते, गोषवारा तसाच राहतो, कारण 'तो झालाय' असं आपण धरून चालतो. परीक्षक मात्र आधी गोषवारा वाचतात आणि मग तक्ता उघडतात. तोंडी परीक्षेतला पहिला प्रश्न तिथूनच येतो.

चूक तिसरी: तक्त्याआधी निकालाची वाक्यं

आधी सगळे तक्ते आणि आलेख पक्के करा, त्यांना क्रमांक द्या, मगच प्रत्येकाखाली तो काय दाखवतो ते दोन-तीन वाक्यांत लिहा. एखाद्या विहिरीचा हार्डनेस जास्त का, हे इथे लिहू नका. 'बहुधा', 'कारण', 'त्यामुळे' असे शब्द येऊ लागले की ते वाक्य उचलून चर्चेच्या फाईलमध्ये टाका. तिसऱ्या दिवशी चर्चा लिहायला बसाल तेव्हा निम्मा मजकूर तिथे तयार असेल.

प्रस्तावना चौथ्या दिवशी. तोवर आपण नेमक्या कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलंय हे माहीत झालेलं असतं, म्हणून ती दीड-दोन पानांत आटोपते. निष्कर्षही त्याच दिवशी लिहा आणि रिपोर्ट गाईडकडे द्या. गाईडचे बदल आल्यावर, पाचव्या दिवशी, गोषवारा: प्रश्न एका वाक्यात, पद्धत एक-दोन वाक्यांत, निकाल आकड्यांसह, शेवटी निष्कर्ष. प्रस्तावनेतला पहिला परिच्छेद उचलून इथे चिकटवू नका, त्यात निकाल नसतो.

परिषदेसाठी गोषवारा आधीच पाठवावा लागला तर इलाज नाही. तेव्हा पक्के झालेलेच आकडे द्या आणि रिपोर्टसाठी तो नव्याने लिहा.

छपाईला देण्याआधी गोषवाऱ्याची एक प्रिंट काढा. त्यातल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ मारा आणि तो ज्या तक्त्यातून आला त्याचा क्रमांक बाजूला लिहा. क्रमांक सापडत नसेल तर तो आकडा जुन्या हिशोबातला आहे. तो काढून टाका.