नव्या हंगामाचे दर आणि जुन्या दराची शेवटची तारीख: खरेदीदारांना कसं कळवावं

सोलापुरात टेरी टॉवेलचा घाऊक धंदा करणाऱ्याला दरवाढ चुकत नाही. सूत चढतं, रंगाई महागते आणि दिवाळीची खरेदी सुरू व्हायच्या आत नवं दरपत्रक काढावं लागतं. ते कसं कळवावं यावर मिळणारे सल्ले बहुतेक भाषेबद्दलचे असतात. नम्रपणे लिहा, कारणं समजावून सांगा, ऋणानुबंधाचा उल्लेख करा. हे सगळं बिनकामाचं आहे. भांडण भाषेवरून होत नाही, तारखेवरून होतं. म्हणून या लेखात बाकीचं थोडक्यात आणि तारखेबद्दल सविस्तर लिहितो.

१. दर ठरवून पक्के करा

सगळ्या साइजचे नवे दर एकदाच ठरवा आणि हंगाम संपेपर्यंत हलवू नका. वाढ झाकण्यासाठी वजन कमी करू नका. ४०० जीएसएमचा ३० बाय ६० इंची टॉवेल साधारण ४६५ ग्रॅमचा भरतो. जुना व्यापारी एक डझन काट्यावर टाकतो आणि साडेपाच किलोच्या पुढे काटा गेला नाही की त्याला सगळं कळतं. दर वाढला तर तो कुरकुरून माल घेतो, पण वजन घटलेलं दिसलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कारखान्यात जातो.

२. जुना आणि नवा दर शेजारी शेजारी ठेवा

‘सरासरी आठ टक्के वाढ’ असं लिहिलं तर कुणालाच काही समजत नाही. प्रत्येक साइजपुढे आत्ताचा दर आणि नवा दर असे दोनच रकाने द्या. यादी पीडीएफमध्ये पाठवा. एक्सेलची फाइल पुढे गेली की तिच्यातले आकडे कुणीही बदलू शकतं.

३. तारीख नेमकी कशाची, ते ठरवा

मला सगळ्यात जास्त छळलेला टप्पा हाच. ‘१ ऑगस्टपासून नवे दर लागू’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक दरपत्रकावर असतं आणि ते अर्धवट असतं. १ ऑगस्टला काय घडलं की नवा दर लागतो? ऑर्डर आली की? आगाऊ रक्कम जमा झाली की? माल निघाला की? बिल झालं की? खरेदीदार त्यातला स्वतःच्या फायद्याचा अर्थ धरतो, आणि तसं करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे, कारण तुम्ही सांगितलेलंच नसतं.

बरेच जण सोपं म्हणून बिलाची तारीख धरतात. मालाचं जीएसटी बिल माल बाहेर पडताना किंवा त्याआधी करावंच लागतं, त्यामुळे व्यवहारात बिलाची तारीख म्हणजे माल निघाल्याची तारीख. ती पूर्णपणे तुमच्या हातात असते. माग रिकामा नव्हता, रंगाईवाल्यानं आठवडा खाल्ला, ट्रान्सपोर्टची गाडी लागली नाही, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दिलेली ऑर्डर ऑगस्टमध्ये निघाली. त्यावर नवा दर लावलात तर तुमच्या उशिराचे पैसे तुम्ही गिऱ्हाइकाकडून घेताय. शिवाय कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. दरपत्रक म्हणजे नुसतं बोलावणं असतं, पण त्यावरून आलेली ऑर्डर तुम्ही स्वीकारली की करार झाला, आणि करारातला दर एकट्यानं बदलता येत नाही.

माझं ठाम मत असं आहे की तारीख ऑर्डरची धरावी आणि तिच्या जोडीला माल उचलायची दुसरी तारीख द्यावी. दुसरी तारीख नसेल तर ३१ जुलैला लोक चार महिन्यांचा माल जुन्या भावात लिहून ठेवतात आणि सवडीनं उचलतात. तोवर तुम्ही चढ्या भावाचं सूत घेऊन जुन्या भावात टॉवेल विणत बसता.

आता ऑर्डर कशाला म्हणायचं तेही आधीच लिहा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी फोन येतोच, “मालक, जुन्या भावात पाचशे डझन लिहून घ्या की, साइज मागनं सांगतो.” ही ऑर्डर नाही. साइज, रंग आणि डझन लेखी आलेले हवेत आणि तुमच्याकडून उलट ऑर्डर नंबर गेलेला हवा. नंबर गेला म्हणजे तुम्ही ती घेतलीत, आणि घेतली म्हणजे त्या दराला बांधले गेलात. म्हणून नंबर देण्याआधी एवढा माल उचलायच्या तारखेपर्यंत विणून होईल का, हे कारखान्यात विचारून घ्या. शक्य नसेल तर जेवढे होतील तेवढ्याच डझनांना नंबर द्या आणि बाकीचे नाहीत असं त्याच दिवशी कळवा.

साठेबाजी रोखायची तर मर्यादा घाला. गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्या खरेदीदारानं जेवढा माल उचलला तेवढा जुन्या दरात, त्यावरचा नव्या दरात. हा नियम सगळ्यांना सारखा लावा. एका मोठ्या व्यापाऱ्याला गुपचूप सूट दिली की आठवड्याच्या आत ती बाजारभर होते, कारण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात सगळ्यांची माणसं भेटतात.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. ३० बाय ६० चा दर डझनाला १,८०० रुपये होता, १ ऑगस्टपासून १,९४४ झाला. ऑर्डरची शेवटची तारीख ३१ जुलै, माल उचलायची ३१ ऑगस्ट. लातूरच्या व्यापाऱ्याची २०० डझनांची ऑर्डर २८ जुलैला आली, नंबर गेला. १२० डझन तयार होते, ते ५ ऑगस्टला निघाले. दर जुना, कारण ऑर्डर मुदतीतली. उरलेले ८० डझन रंगाईत अडकले आणि १२ सप्टेंबरला तयार झाले. डझनामागे १४४ रुपये धरले तर ११,५२० रुपयांचा प्रश्न. उशीर आपला, म्हणून दर जुनाच. पण हेच ८० डझन २० ऑगस्टला बांधून तयार असते आणि व्यापाऱ्यानं “गोदामात जागा नाही, दसऱ्याला पाठवा” असं सांगितलं असतं, तर ३१ ऑगस्टनंतर नवा दर. फरक फक्त उशीर कुणामुळे झाला याचा आहे. म्हणूनच माल तयार झाला की त्याच दिवशी ‘ऑर्डर नंबर अमुक, ८० डझन तयार, कधी पाठवू?’ असा लेखी निरोप जायला हवा. हा निरोप हाताशी नसेल तर उशीर कुणाचा हे सिद्ध करता येत नाही, आणि मग ११,५२० रुपये सोडून द्यावे लागतात.

४. मजकूर

कारणांचा परिच्छेद नको. सुताचा भाव व्यापाऱ्याला तुमच्याइतकाच ठाऊक असतो. मी साधारण असं लिहितो:

“नमस्कार. दिवाळी हंगामाचे नवे दर १ ऑगस्टपासून लागू होतील. ३० बाय ६०, ४०० जीएसएम: आत्ता डझनाला १,८०० रुपये, १ ऑगस्टपासून १,९४४ रुपये. बाकी साइजचे दर सोबतच्या यादीत. जीएसटी आणि गाडीभाडे वेगळे.

जुन्या दराने ऑर्डर ३१ जुलै, संध्याकाळी ६ वाजेपर्यंत. साइज, रंग, डझन लेखी द्यावेत; आमचा ऑर्डर नंबर मिळाला की ऑर्डर पक्की. गेल्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतलेल्या मालाएवढीच ऑर्डर जुन्या दराने घेऊ.

हा माल ३१ ऑगस्टपर्यंत उचलावा. आमच्याकडून उशीर झाल्यास दर जुनाच राहील. आपल्या सांगण्यावरून थांबवलेला माल ३१ ऑगस्टनंतर नव्या दराने निघेल. निरोप मिळाल्याचे कळवावे.”

‘संध्याकाळी ६’ गाळू नका. नाहीतर रात्री पावणेबाराला ऑर्डरी येतात.

५. पाठवणं

तीन आठवडे आधी पाठवा. १ ऑगस्टच्या दरासाठी १० जुलै योग्य. महिनाभर आधी कळवलं की लोक विसरतात, आणि आठवडा आधी कळवलं तर फिरतीवर असलेल्या माणसाला ऑर्डर द्यायलाही वेळ मिळत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप करून पाठवू नका. सगळ्या खरेदीदारांना एकमेकांचे नंबर दिसतात आणि पहिल्यानं नाराजी लिहिली की बाकीचे त्याचीच री ओढतात. ब्रॉडकास्ट यादी बरी, पण एक लक्षात ठेवा: ज्यानं तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जतन केलेला नाही त्याला ब्रॉडकास्टचा निरोप पोचतच नाही. निळ्या खुणाही बऱ्याच जणांनी बंद ठेवलेल्या असतात. म्हणून यादी समोर घेऊन बसा, ‘मिळालं’ असं उत्तर आलेल्यांपुढे खूण करा आणि उरलेल्यांना २० जुलैच्या आत फोन करा. मोठ्या खात्यांना ईमेलही करा. दलालामार्फत येणाऱ्या व्यापाऱ्यांना थेट कळवा, दलालावर सोडू नका. २८ जुलैला सगळ्यांना एकदाच आठवण.

६. आधीच्या ऑर्डरींचं वेगळं पत्र

दरपत्रक निघालं की ज्यांचा माल आधीच बाकी आहे ते धास्तावतात. अशा प्रत्येकाला स्वतंत्र निरोप द्या: ऑर्डर नंबर, शिल्लक डझन, ठरलेला दर, आणि ‘हा दर बदलणार नाही’. यानं निम्मे फोन वाचतात.

७. हिशेबात बदल

टॅलीत नवी दरयादी टाकताना लागू होण्याची तारीख १ ऑगस्टच द्या, जुनी यादी पुसू नका. जुन्या ऑर्डरीचं बिल त्या ऑर्डरीशी जोडूनच करा. सरळ नवं बिल काढलं की नवा दर आपोआप बसतो, आणि ऑगस्टमधल्या बहुतेक तक्रारी तिथूनच येतात. तसं झालंच तर फरकाची क्रेडिट नोट काढा. ‘पुढच्या बिलात बघू’ म्हणू नका, कारण जास्त लावलेल्या जीएसटीचाही हिशेब त्याच नोटेनं जुळतो.

पाकिटावर एमआरपी छापून माल विकत असाल तर छापून झालेल्या पाकिटांवर चढी किंमत चिकटवता येत नाही. ती पाकिटं जुन्याच एमआरपीनं संपवा.

८. तारीख उलटल्यावर

३ ऑगस्टला कुणी ना कुणी जुना भाव मागतोच. नकार त्याच दिवशी द्या आणि कारण एकच सांगा, “३१ तारीख सगळ्यांना सारखी होती.” त्याचं ‘मिळालं’ हे उत्तर तुमच्याकडे असतंच. ज्याचं उत्तर आलं नव्हतं आणि फोनही लागला नव्हता, त्याला मात्र मी एक ऑर्डर जुन्या दरानं देतो, कारण त्याला कळवलं होतं असं मी म्हणूच शकत नाही.

मग १ सप्टेंबरला जुन्या दराच्या शिल्लक ऑर्डरींची यादी काढा. प्रत्येकीपुढे ‘आपल्यामुळे’ किंवा ‘त्यांच्यामुळे’ लिहा. ‘त्यांच्यामुळे’ असलेल्यांना नव्या दराचा निरोप त्याच दिवशी पाठवा आणि त्यांचा होकार आल्याशिवाय माल गाडीत चढवू नका.