दुकानाचं भाडं कमी करून घेतलं, त्याची गोष्ट

आमच्या स्टेशनरीच्या दुकानासमोर ड्रेनेजसाठी रस्ता खोदला आणि गिऱ्हाईक आटलं. भाडं महिन्याला 28,000. मालक काका निवृत्त, भाड्यावरच त्यांचं घर चालतं, त्यामुळे "परवडत नाही हो" म्हणून रडगाणं गाण्यात अर्थ नव्हता.

आधी फोनवर वेळ मागितली. जाताना एक पानी पत्र नेलं: गेल्या वर्षीची आणि यंदाची त्याच महिन्यांची विक्री जीएसटी रिटर्नमधून शेजारी शेजारी, आणि खोदकामाचा फोटो. मागणी नेमकी ठेवली. सहा महिने 22,000, नंतर पुन्हा मूळ भाडं. कायमची कपात मागितली की मालक दचकतो. मुदत दिसली की ऐकून तरी घेतो.

काका म्हणाले, "दुसरा भाडेकरू मिळेल मला." मी वाद घातला नाही. "मिळेल की काका, पण खोदलेल्या रस्त्यावर गाळा दोन महिने रिकामा राहिला तर 56,000 गेले, वर एजंटची दलाली. माझ्या सवलतीचे 36,000 होतात." काकांनी चष्मा लावून पत्राच्या मागेच आकडेमोड केली.

शेवटी 24,000 वर जमलं. बदल्यात मी वर्षभर गाळा न सोडण्याचं कबूल केलं आणि सहा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक दिले. खरं तर चेकनंच काम केलं, असं मला वाटतं.

मूळ लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत होता, म्हणून पुरवणी करारही नोंदवला. त्यात "फरक नंतर वसूल होणार नाही" हे वाक्य आवर्जून घातलं. नाहीतर सवलतीची थकबाकी व्हायला वेळ लागत नाही.